नातीला पत्र लिहिताना: लव्हाळ्यानं वाकायचं, पण कुठवर?

पत्र: माझं वय ७८. नातीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि ती सासू-सासऱ्यांसोबत एकाच घरात राहणार आहे. मुलगी हुशार, कमावती, पण जिभेला धार. समोर बसवून चार गोष्टी सांगणं मला जमत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती’ या एकाच म्हणीवर तीन पानं झाली, सोबत पाठवतो आहे. जमवून घे आणि एकमेकांचा मान राखा, एवढंच मला म्हणायचंय. तिकडे सगळे पहाटे उठणारे, हिचं ऑफिसचं काम रात्री अकरापर्यंत चालतं. त्यावरून लग्नाआधीच एकदा शब्दाला शब्द लागला आहे. सुनेनं माझं पत्र वाचलं आणि म्हणाली, “बाबा, हे वाचून ती तुमच्याशी महिनाभर बोलणार नाही.” माझं चुकलं कुठे?

उत्तर:

आजोबा, सूनबाईंचा अंदाज बरोबर आहे. म्हण मात्र बदलू नका. घोटाळा तुम्ही ती ज्या जागी बसवली आहे, तिथे आहे.

तुमच्या मसुद्यात ही ओळ चार ठिकाणी येते. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय, “सासर म्हणजे महापूर. ताठ उभं राहशील तर मोडशील.” हे वाक्य नातीच्या जागी बसून वाचा. तिला त्यात दोन गोष्टी दिसतील: आजोबांना मी आडमुठं झाड वाटते, आणि मी जिथं चालले आहे ते घर म्हणजे संकट आहे. पुढं हेच पत्र तिच्या नवऱ्यानं वाचलं, किंवा कपाट आवरताना सासूबाईंच्या हाती लागलं, तर त्यांना तिसरी गोष्ट दिसेल, की आपल्याला पूर म्हटलंय. जपून ठेवलेली पत्रं कधी ना कधी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागतातच. म्हणून सरळ नियम ठेवा: या पत्रातलं प्रत्येक वाक्य त्या घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचता आलं पाहिजे.

दुसरी अडचण मोजूनच दाखवतो. तीन पानांत ‘मान दे’, ‘मान ठेव’, ‘मान राख’ असं सहा वेळा आलंय. तिला मान मिळाला पाहिजे, हे एकदाही आलेलं नाही. मनात तुमच्या दोन्ही आहे, तुमच्या प्रश्नात तुम्ही ‘एकमेकांचा’ असंच म्हटलंय. पण कागदावर उतरताना एक बाजू गळाली. आजोबांच्या पिढीच्या पत्रांत असं फार होतं. मुलीला सांगायच्या गोष्टी तोंडपाठ असतात, तिला काय मिळायला हवं हे कधी बोलून दाखवायची सवयच नसते.

आता म्हणीकडे येऊ. ही ओळ तुकोबांच्या ‘नीचपण बरवें देवा’ या अभंगातली. त्या अभंगात लग्न नाही, सासर नाही, सून नाही. अंगातला ताठा सोडण्याबद्दल तो अभंग बोलतो, आणि तो बाईइतकाच पुरुषालाही लागू आहे. पुढच्या ओळीत समुद्राच्या लाटा येतात आणि नम्र झालेल्यावरून त्या निघून जातात. लाट निघून जाते, ही तुमच्या कामाची गोष्ट. नदीकाठचं लव्हाळं बघा. लोंढा आला की पातं आडवं होतं, मुळं मातीत घट्ट राहतात, आणि पाणी ओसरलं की तेच पातं पुन्हा उभं राहतं. म्हणजे या म्हणीला तीन बाजू आहेत: वाकणं, मूळ न सोडणं आणि पुन्हा सरळ होणं. आपल्याकडे मुलींना ती सांगताना पहिलीच बाजू सांगतात आणि थांबतात. तुमचा मसुदाही तिथंच थांबला आहे.

तेव्हा पूर म्हणजे माणसं, हे समीकरण काढून टाका. पूर म्हणजे एखादा अवघड काळ: नव्या घरातले पहिले काही महिने, कुणाचं आजारपण, कामाचा ताण, पैशाची ओढाताण. त्या पाण्यात ती एकटी नाही, तिचा नवरा आणि सासू-सासरेही आहेत. नवं माणूस घरात आलं की त्यांचंही वेळापत्रक हलतं, त्यांनाही वाकावं लागतं. एवढी एक दुरुस्ती केलीत तरी पत्राचा सूर बदलेल, कारण उपदेश एकटीवर न पडता घरातल्या सगळ्यांवर वाटला जाईल.

यानंतर खरा अवघड भाग येतो. कशासाठी वाकायचं आणि कशासाठी नाही, हे पत्रात सांगितलं नाही तर ‘जमवून घे’ या दोन शब्दांचा अर्थ ‘काहीही सोस’ असा होतो. जिभेला धार असलेल्या मुली या बाबतीत फसव्या असतात. बाहेरच्यांशी त्या भांडतात, पण आजोबांचा शब्द प्रमाण मानून एखादी नको ती गोष्ट गपचूप गिळतात आणि माहेरी कळूही देत नाहीत.

इथं जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडेल. त्यांनी अनेक वर्षं जोडप्यांची बोलणी आणि भांडणं नोंदवून तपासली. त्यांच्या मते नवरा-बायकोतले सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात, कारण ते स्वभावातून आणि सवयींतून येतात. एकाला पसारा चालतो, दुसऱ्याला नाही. एक पैसा जपून वापरणारा, दुसरा सढळ हाताचा. सुखी जोडप्यांतही हे मतभेद मिटत नाहीत, फक्त त्यांच्यासोबत कसं राहायचं हे ती दोघं शिकतात. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. लग्न मोडण्याची सर्वांत ठळक खूण त्यांना भांडणांच्या संख्येत सापडली नाही, ती तुच्छतेत सापडली: नाक मुरडणं, टोमणा, नक्कल, समोरच्याला खालचं समजून बोलणं.

तुमच्या म्हणीशी हे नीट जुळतं. सवयींच्या फरकासाठी वाकायचं, तुच्छतेसाठी नाही. आणि ही रेघ दोन्हीकडून ओढायची. नातीच्या जिभेची धार तुम्ही स्वतःच लिहिली आहे, तेव्हा तिनं केलेली नवऱ्याच्या आईची नक्कलही याच रेघेच्या पलीकडची. हे तिला सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, पण एकदाच सांगा, आणि चिडवत नको.

पहाटे उठण्याचं उदाहरण घेऊन हे तपासून बघू, कारण पत्रात तेच यायला हवं. हवेतल्या उपदेशापेक्षा तिच्या आयुष्यातली खरी गोष्ट तिला पटेल. घर सहाला उठतं, ही त्यांची सवय. हिचं काम रात्री अकराला संपतं, झोपायला बारा वाजतात, ही हिची अडचण. दोन्हींत कुणाचा दोष नाही. कामाच्या दिवशी ती साडेसातला उठली आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांबरोबर सहाला, तर ते जमवून घेणं झालं. सकाळी तिच्या खोलीबाहेर भांड्यांचा आवाज जरा कमी झाला, आणि पहिली अर्धी कामं नवऱ्यानं उचलली, तर समोरच्यांनीही जमवून घेतलं. पण रोज बाराला झोपून सहाला उठायचं असं ठरलं, तर ते काही आठवडे निभतं. मग चिडचिड सुरू होते, कामात चुका होतात, आणि एके दिवशी भलत्याच कारणावरून स्फोट होतो. घरच्यांना वाटतं, एवढ्याशा गोष्टीवरून ही इतकी का चिडली. कारण त्या दिवशीचं नसतंच, महिनाभराच्या कमी झोपेचं असतं.

आणि “एवढं काय मोठं काम करते, रात्री जागायला” असं कुणी म्हणालं, तर तो वेळेचा प्रश्न उरत नाही. तिथं मान गेला. त्यावर पहाटे उठून उत्तर देता येत नाही. ते वाक्य लागलं, हे त्याच दिवशी, शांतपणे, चारचौघांत नव्हे तर एकट्यात सांगावं लागतं.

कुणाला सांगायचं, हेही लिहा, कारण नवी मुलगी इथं नेमकी चुकते. सासूबाईंबद्दलची अडचण तिनं आधी नवऱ्याला सांगावी आणि त्यानं आपल्या आईशी बोलावं. तुमच्या घराबद्दल त्याची तक्रार असली तर त्यानं तिला सांगावी, आणि ती तुमच्याशी बोलेल. आपापल्या आईवडिलांशी ज्यानं त्यानं बोलायचं. मुलाचं बोलणं आई दोन दिवसांत विसरते, सुनेचं तेच बोलणं दहा वर्षं लक्षात राहतं. नवरा मध्ये पडायला तयारच नसेल, तर मात्र अडचण सासूबाईंची उरलेली नसते, ती त्या दोघांमधली असते. तीही दोघांनी बसूनच सोडवायची.

ओळखायची खूण एकच द्या, तीही तुमच्या म्हणीतलीच. एखादी गोष्ट तिनं सोडून दिली आणि ती वेळ गेल्यावर तिला पुन्हा मोकळेपणानं बोलता-हसता आलं, तर ते वाकणं होतं. दोन-तीन महिने झाले तरी त्या विषयावर तोंड उघडायची भीती वाटते, माहेरी फोन करताना कोण ऐकतंय हे बघावं लागतं, स्वतःचे पैसे खर्च करताना परवानगी लागते, असं असेल तर ती वाकलेली नाही, दाबली गेली आहे. आणि हात उचलला गेला तर यातलं काहीच लागू नाही. तिथं म्हण नको, समजूतही नको, तिनं आधी बाहेर पडून तुम्हाला फोन करायचा. हे पत्रात स्पष्ट शब्दांत लिहा. “तशी वेळ येणारच नाही” असं म्हणून गाळू नका. वेळ आली नाही तर त्या वाक्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

तुमच्या मसुद्यातली दोन वाक्यं काढा. एक, “तुझ्या आजीनं चाळीस वर्षांत कधी उलट शब्द काढला नाही.” आजीनं शब्द काढला नाही की तिला काढता आला नाही, हे नातीला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असू शकतं. नाती आजीशी खूप बोलतात. दुसरं, “दिल्या घरी सुखी राहा.” वाक्य प्रेमाचं आहे, पण ऐकणाऱ्या मुलीला त्यात दार लागल्याचा आवाज येतो.

आता तुमचेच मुद्दे, बरेचसे तुमचेच शब्द घेऊन पत्र कसं होईल ते दाखवतो. कंसातल्या जागी तिची एखादी खरी आठवण घाला, मला माहीत नसलेली आणि तुम्हा दोघांनाच कळेल अशी.

*बाळ,*

*अनेक आशीर्वाद. समोर बसून हे बोलायला मला जमलं नसतं, म्हणून लिहितो आहे. (इथं दोन ओळींत ती आठवण.) तेव्हापासून मला ठाऊक आहे, तुला खोटं चालत नाही आणि तू गप्प बसत नाहीस. हे दोन्ही गुण सोडू नकोस.*

*तुकोबांची एक ओळ तू लहानपणापासून ऐकली आहेस: महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती. ही ओळ मुलींना ‘वाक’ म्हणून सांगतात. मी तुला ती पूर्ण सांगतो. लव्हाळं वाकतं, पण मूळ सोडत नाही, आणि पाणी ओसरलं की परत उभं राहतं.*

*नव्या घरात पहिले काही महिने सगळ्यांचीच घडी विस्कटेल. तुझी, त्याची आणि त्याच्या आईवडिलांचीही. वेळा वेगळ्या, चवी वेगळ्या, वस्तू ठेवायच्या जागा वेगळ्या. अशा गोष्टींत तू थोडी सरक, त्यांनाही थोडं सरकू दे. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांबरोबर सकाळी ऊठ, कामाच्या दिवशी तुझी झोप पुरी कर, आणि असं का करतेस हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांग. न सांगता केलेली गोष्ट आळस वाटते, तीच सांगून केली तर समजते.*

*मानाच्या बाबतीत मात्र सरकू नकोस. तुझं काम, तुझं शिक्षण, तुझं माणूसपण यांना कुणी हलकं लेखलं, तर त्याच दिवशी, शांतपणे, आधी नवऱ्याशी बोल. आणि तुझ्या बोलण्यानंही कुणाला हलकं वाटू देऊ नकोस. तुझा शब्द लागतो, हे तुला माहीत आहे. रागात आलेलं पहिलं वाक्य गिळ, दुसरं बोल.*

*काही काळानं स्वतःला विचार: मी सोडून दिलं त्यातून मी मोकळी झाले, की घाबरायला लागले? घाबरत असलीस तर मला फोन कर. कुणी हात उचलला तर फोनच्याही आधी घराबाहेर पड. कोणत्याही वेळी ये. तुझी बाजू आम्ही नंतर विचारू, आधी दार उघडू. मी नसलो तरी तुझ्या आई-बाबांशी हे बोलून ठेवलं आहे.*

*हे पत्र त्यालाही वाचायला दे. त्याच्यासाठी एकच ओळ: यातलं प्रत्येक वाक्य तुलाही लागू आहे, तुला सून म्हणून नव्हे तर जावई म्हणून जे जमवून घ्यावं लागेल, त्यासाठी.*

*तुझा आजोबा*

म्हण यात एकदाच आली आहे, आणि पुढं कुठंही तिचा उच्चार नाही. ‘सरकणं’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, कारण ‘वाकणं’ सारखं सारखं आलं की मुलीला राग येतो, अर्थ कितीही चांगला असला तरी. ‘रागात आलेलं पहिलं वाक्य गिळ’ ही ओळ तुमच्याच मसुद्याच्या तिसऱ्या पानावर होती, ती मला सगळ्यात आवडली. उगाच मागं पडली होती.

एक खबरदारी. ‘आई-बाबांशी बोलून ठेवलं आहे’ हे वाक्य खरंच बोलल्याशिवाय लिहू नका. आजोबा म्हणतात ये, आणि दारात आई म्हणते ‘लोक काय म्हणतील’, असं झालं तर मुलगी दुसऱ्यांदा येत नाही. मुलगा आणि सून, दोघांशी वेगवेगळं बोला, आणि तुमच्या शब्दाला त्यांचा होकार आहे याची खात्री करून घ्या. सूनबाईंचं पहिलं मत बघता त्यांचा होकार लगेच मिळेल असं दिसतं.

पत्र हातानं लिहा, पण आधी कच्चं लिहून मग पक्कं करा. पाठपोट एका कागदावर मावेल एवढंच ठेवा. तुमच्या तीन पानांतली अडीच पानं एकच मुद्दा फिरवून सांगत होती. अक्षर हल्ली थरथरत असेल तर ओळींत अंतर जास्त ठेवा आणि कागद रेघांचा घ्या. मोबाइलवर टाइप करून पाठवू नका. ते घरच्या ग्रुपवर पोहोचायला वेळ लागत नाही, आणि मग प्रत्येक मावशी-काकाचं मत त्यावर येतं.

देण्याची वेळ चुकवू नका. लग्नाच्या दिवशी ती पन्नास माणसांत असते. त्या दिवशीचं पत्र एक तर हरवतं, नाही तर घाईत वाचलं जातं आणि निरोपाच्या रडण्यात त्यातलं काहीच लक्षात राहत नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी, घरात दोघंच असताना द्या, आणि “नंतर वाच” म्हणून दुसऱ्या खोलीत जा. ती वाचत असताना समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघू नका. ती काही म्हणाली नाही तरी विचारू नका. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी भेटलात की मात्र एक प्रश्न विचारा: “तू काय काय बदललंस ते मला दिसतंय, त्यांनी काय बदललं?” तिला पटकन दोन-तीन गोष्टी सांगता आल्या, तर ठीक चाललंय. ती अडखळली तर लगेच सल्ला देऊ नका, पुढचा अर्धा तास फक्त ऐका.